मेल अ‍ॅप सारखं पासवर्ड मागतंय? या चुका टाळा

जीमेलचा पासवर्ड बदलला की फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये पासवर्डची चौकट उघडते. नवा पासवर्ड टाकला तरी ती मिनिटाभरात परत येते. इथे बहुतेक जण तोच पासवर्ड आणखी हळू, आणखी जपून टाकत बसतात. हीच पहिली चूक. चौकट आली याचा अर्थ एवढाच, की सर्व्हरने लॉगिन नाकारलं. आधी ब्राउझरमध्ये त्याच पासवर्डने मेल उघडून बघा. तिथे उघडला, तर दोष अ‍ॅपच्या जोडणीत आहे.

जीमेल खातं अ‍ॅपमध्ये आयमॅप निवडून हाताने जोडलेलं असेल, तर तिथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. त्या जागी १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड लागतो. तो myaccount.google.com/apppasswords इथे मिळतो, पण त्यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असावं लागतं. खरी गोम पुढे आहे: गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला, की आधीचे सगळे अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. म्हणून कालपर्यंत नीट चालणारं अ‍ॅप आज अचानक अडतं. नवा अ‍ॅप पासवर्ड तयार करून तोच टाका. अ‍ॅपमध्ये ‘गूगल’ असा थेट पर्याय असेल, तर खातं काढून त्यातूनच जोडा. माझ्या मते हाच मार्ग चांगला, कारण त्यात अ‍ॅप पासवर्डची भानगडच उरत नाही.

दुसरी चूक म्हणजे पासवर्ड एकाच ठिकाणी बदलणं. मेल येण्याचा आणि जाण्याचा सर्व्हर वेगळा असतो आणि बऱ्याच अ‍ॅपमध्ये दोन्हीकडे पासवर्ड स्वतंत्र साठवलेला असतो. मेल येतात पण आउटबॉक्समधून हलत नाहीत, असं दिसलं तर जाणाऱ्या सर्व्हरचा रकाना उघडा. सेटिंग अशी हवी, IMAP येणाऱ्या मेलसाठी आणि SMTP जाणाऱ्या मेलसाठी:

```
IMAP: imap.gmail.com  993  SSL/TLS
SMTP: smtp.gmail.com  465  SSL/TLS
```

युजरनेममध्ये @gmail.com सकट पूर्ण पत्ता लिहा.

पासवर्ड मागत नाही, पण मेल उशिरा येतात, ही तक्रार वेगळी. इनबॉक्स खाली ओढून रिफ्रेश करा. मेल धडाधड आले, तर लॉगिन ठीक आहे. सेटिंगला हात लावू नका, सिंकची वेळ तपासा. आयफोनच्या ‘फेच’मध्ये ‘ऑटोमॅटिकली’ निवडलेलं असेल, तर फोन चार्जिंगला आणि वाय-फायवर असतानाच मागच्या मागे मेल आणतो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्याने तिथे १५ मिनिटं ठेवावीत. बॅटरी थोडी जास्त जाईल. अँड्रॉइडवर १५ मिनिटं ठेवूनही मेल येत नसतील, तर बॅटरी सेव्हरने त्या अ‍ॅपला झोपवलेलं असू शकतं. अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन ते बंधन काढा.