स्कॅनआधी नाकातून डेक्समेडेटोमिडिन देताना या चुका टाळा

"औषध चढलंच नाही, सर." एमआरआयच्या दारात हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, दिलं किती वाजता? उत्तर बहुतेक वेळा "झाली की पंधरा मिनिटं" असं येतं. तोवर दुसरा डोस भरलेला असतो, नाहीतर कुणीतरी मिडाझोलामची बाटली शोधायला निघालेलं असतं. मग तासाभराने तेच मूल उठता उठत नाही आणि दोष जातो औषधाला.

नाकातून दिलेलं डेक्समेडेटोमिडिन सावकाश चढतं. डोळे जड व्हायला पंधरा-वीस मिनिटं आणि टेबलावर ठेवण्याइतकी झोप लागायला पंचवीस ते चाळीस मिनिटं लागतात, त्यापुढे पाऊण तास ते दीड तास काम होतं. हे औषध मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या केंद्रालाच शांत करतं, त्यामुळे येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते. श्वास सहसा चांगला राहतो, पण मूल हलवलं तर जागंही होतं. खेळणाऱ्या, रडणाऱ्या मुलाला प्रखर उजेडात ठेवून "झोपलं का?" म्हणत दर दोन मिनिटांनी गाल थोपटाल तर ते झोपणार नाही. डोस द्या, दिवे मंद करा, मूल आईच्या मांडीवर राहू द्या, पल्स ऑक्सिमीटर लावा आणि खोलीतली वर्दळ थांबवा. अर्धा तास थांबायची तयारी नसेल त्याने हे औषध हातात घेऊ नये.

दुसरा डोस मी तीस मिनिटांच्या आत कधीच देत नाही, बहुतेकदा चाळीस मिनिटं थांबतो. लागलाच तर किलोमागे १ मायक्रोग्रॅम. त्यानेही जमलं नाही तर त्या दिवशी नाकातून आणखी काही देत बसत नाही. स्कॅन पुढे ढकलायचा किंवा भूल द्यायची, हे भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवतो.

आता माझा आवडता राग: औषध नाकात नीट न जाणं. डोसचं गणित बरोबर असतं, पण मुलाला मिळतो निम्मा. अडीच वर्षांचं, १२ किलोचं मूल धरू. वजन आज काट्यावर केलेलं हवं. आईच्या आठवणीतलं किंवा जुन्या फाइलमधलं चालत नाही. पाऊण तासाच्या मेंदूच्या एमआरआयसाठी मी किलोमागे ३ मायक्रोग्रॅम धरतो. निरोगी मुलांमध्ये साधारण २ ते ४ ही वापरातली मर्यादा आहे. छोट्या सीटी स्कॅनला कमी पुरतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांचा निर्णय वेगळ्याने घ्यायचा. १२ गुणिले ३ म्हणजे ३६ मायक्रोग्रॅम. मिलिला १०० मायक्रोग्रॅमची, न पातळ केलेली बाटली घेतली तर हे होतात ०.३६ मिलि. प्रत्येक नाकपुडीत ०.१८ मिलि. इतकं थोडं पाणी नाक सहज शोषतं.

इथेच तीन ठिकाणी गाडी घसरते. पहिलं म्हणजे, आयसीयूतल्या ड्रिपसाठी आधीच पातळ करून येणारी, मिलिला ४ मायक्रोग्रॅमची बाटली कुणीतरी उचलतं. त्यातून ३६ मायक्रोग्रॅम काढायचे तर ९ मिलि लागतील. ते नाकात मावणार नाहीत, घशात उतरतील. गिळलेलं डेक्समेडेटोमिडिन बरंचसं यकृतातच संपतं, जेमतेम सहावा हिस्सा कामाला येतो. दुसरं, ॲटोमायझरच्या पोकळीत सुमारे ०.१ मिलि औषध अडकून राहतं. ०.३६ च्या डोसमधून एवढं गेलं तर चौथ्या हिश्श्याहून जास्त कमी पडलं. म्हणून सिरिंजमध्ये ०.४६ भरायचं. पण दोन्ही बाजूंना एकच ॲटोमायझर वापरायचा, म्हणजे पोकळी एकदाच भरते. तिसरं, इन्सुलिनची सिरिंज. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात, मिलिच्या नाहीत, आणि बहुतेकींची सुई चिकटलेलीच असल्याने ॲटोमायझर बसतच नाही. घाईत एखादा "छत्तीस" वाचून ३६ व्या खुणेपर्यंत भरतो. चाळीस युनिटवाल्या सिरिंजवर ती खूण ०.९ मिलिला येते, म्हणजे ९० मायक्रोग्रॅम, अडीचपट डोस. १ मिलिची साधी, मिलि छापलेली सिरिंज मागवा आणि भरलेला आकडा दुसऱ्याकडून वाचून घ्या.

देण्याची पद्धतही अशीच. मूल पूर्ण आडवं नको, अर्धवट बसलेलं हवं. शेंबूड असेल तर आधी नाक साफ करा. खरी सर्दी, ताप, घरघर असेल तर औषध न देता तारीख बदला. ॲटोमायझरचं टोक त्याच बाजूच्या कानाच्या वरच्या टोकाकडे वळवा आणि दट्ट्या एका झटक्यात दाबा. हळूहळू दाबलं की फवारा उडत नाही, थेंब पडतात, आणि थेंब घशात जातात. हे औषध मिडाझोलामसारखं नाकात चरचरत नाही, त्यामुळे दुसऱ्या नाकपुडीसाठी कुस्ती करावी लागत नाही. सुईशिवाय नुसत्या सिरिंजने थेंब टाकूनही काम होतं, पण मग नाकपुडीत थोडंथोडं, दमाने सोडावं लागतं. तो दम सगळ्यांकडे नसतो.

उपाशी ठेवण्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकीचं सगळ्यांना पाठ असतं आणि तरी चुकतं. तास औषध देण्याच्या वेळेपासून मागे मोजा, स्कॅनच्या वेळेपासून नाही. अकराचा स्कॅन, म्हणजे औषध साडेदहाला. मग हलकं खाणं, पावडरचं किंवा जनावराचं दूध सहा तास आधी, म्हणजे साडेचारपर्यंत. आईचं दूध चार तास आधी, साडेसहापर्यंत. पाणी किंवा गाळलेला, गर नसलेला रस दोन तास आधी, साडेआठपर्यंत. तेलकट जेवणाला आठ तास. पाण्यासाठी कित्येक ठिकाणी आता एकच तास धरतात, तुमच्या विभागाचा नियम पाळा. "रात्री बारानंतर काही नाही" असं लिहून मोकळं होणं हा शुद्ध आळस आहे. दुपारच्या नंबरापर्यंत ते मूल कोरडं पडतं, चिडचिडं होतं, आणि कोरड्या मुलाचं बीपी या औषधाने जास्त उतरतं. साडेआठला पाणी पाजायला सांगणारा माणूस मला प्रत्येक यादीवर हवा.

मॉनिटरिंगची चूक मात्र अशी आहे की तिने एकदा आम्हा सगळ्यांची झोप उडवली होती. साडेतीन वर्षांची, १५ किलोची मुलगी. ४५ मायक्रोग्रॅम नीट दिले, छान झोपली, स्कॅन सुरू. चाळीसाव्या मिनिटाला नाडी ११० वरून ६८ वर आली. सॅच्युरेशन ९८, बीपी ८८/५०, हातपाय गरम, नखं गुलाबी. म्हणजे मुलीला काहीच झालेलं नव्हतं. कन्सोलपाशी बसलेल्या रेसिडेंटला मात्र ६८ हा आकडा बघवेना, आणि त्याने कुणालाही न विचारता शिरेतून ग्लायकोपायरोलेट दिलं. पाच मिनिटांत नाडी १३० आणि बीपी १५० च्या वर. स्कॅन थांबला, मुलगी बाहेर काढली, बीपी खाली येईपर्यंत आम्ही सगळे कफ फुगताना बघत उभे. तिला पुढे काही त्रास झाला नाही, पण अर्धाच झालेला स्कॅन पुन्हा करावा लागला.

कारण सरळ आहे. हे औषध एकीकडे हृदयाचा वेग उतरवतं आणि दुसरीकडे रक्तवाहिन्या थोड्या आवळून धरतं. आवळलेल्या वाहिन्यांत अचानक जोराने धावणारं हृदय सोडलं की बीपी भडकतं. नाडी मूळ आकड्याच्या वीस ते तीस टक्के, कधी त्या मुलीसारखी थोडी जास्तही, खाली येणं हे या औषधाचं नेहमीचं वागणं आहे. त्यासाठीच औषधाआधीचे आकडे लिहून ठेवायचे असतात, नाहीतर कशाच्या तीस टक्के, हे ठरवणार कसं?

नाडी उतरली की माझी क्रमवारी ठरलेली आहे. आधी श्वास: छाती हलते का, मान दुमडली आहे का, सॅच्युरेशन किती. लहान मुलात नाडी पडण्याचं पहिलं संशयित कारण ऑक्सिजनची कमतरता हेच असतं, आणि डेक्समेडेटोमिडिनला जबाबदार धरण्याआधी ती नाकारावी लागते. मग बीपी आणि रक्ताभिसरण: बोटाचं टोक दाबून सोडलं तर दोन सेकंदांत गुलाबी होतं का. मग ईसीजीत ठोके सुटतात का. हे सगळं ठीक असेल तर नुसतं बघा, फार तर मुलाला हलवून नाडी चढते का पाहा. बीपी पडलेलं, त्वचा फिकट किंवा ठोके सुटणारे असतील तर स्कॅन थांबवून मूल बाहेर, ऑक्सिजन, मदतीला हाक, आणि मग ॲट्रोपिन. ऑक्सिजन आणि श्वास नीट देऊनही नाडी साठच्या खाली आणि रक्ताभिसरण वाईट, तर छातीवर दाब सुरू करायचा. तिथे चर्चा नाही.

ज्यांना हार्ट ब्लॉक आहे, जी मुलं डिगॉक्सिन, बीटा ब्लॉकर किंवा क्लोनिडिनवर आहेत, ज्यांच्या शरीरात पाणी कमी आहे, त्यांना हे औषध "फक्त नाकातून आहे" म्हणून देऊ नका. नाकातून गेलेलं औषध रक्तातच पोचतं.

सॅच्युरेशन, नाडी आणि श्वास सतत, बीपी आणि झोपेची पातळी दर पाच मिनिटांनी, आणि हे लिहिणारा माणूस तेवढंच काम करणारा. कफ फुगल्यावर मूल दचकत असेल तर बीपीचं अंतर वाढवता येतं, बंद करता येत नाही. एमआरआयच्या खोलीत तिथे चालणारीच उपकरणं वापरा. बॅग-मास्क, सक्शन, ऑक्सिजन आणि वजनानुसार आधीच काढून लिहिलेले आणीबाणीचे डोस औषध देण्याआधी हाताशी हवेत. कॉन्ट्रास्ट लागणार असेल तर सुई झोपेआधी, क्रीम लावून टोचा. झोपल्यावर टोचलं की मूल उठतं आणि अर्धा तास वाया जातो. कानांत इअरप्लग घालायला विसरलात तर पहिल्या खडखडाटालाच तोच निकाल.

घरी सोडण्याची घाई ही शेवटची. स्कॅन संपल्यावर टेबलावरून उचलताना मूल डोळे उघडतं, आईकडे बघतं, आणि सगळे म्हणतात, उठलं. आईच्या खांद्यावर दोन मिनिटांत ते परत गाढ. आवाज आणि स्पर्श थांबला की झोप पुन्हा ओढते. म्हणून कुणी न हलवता मूल आपणहून जागं राहतंय, डोकं सावरतंय, वयाप्रमाणे बसतंय-बोलतंय, पाणी पितंय आणि नाडी-बीपी मूळ आकड्यांजवळ आहेत, एवढं दिसेपर्यंत मी सोडत नाही. पालकांना सांगताना गाडीतल्या सीटचा मुद्दा वेगळा काढून सांगतो: पेंगणाऱ्या मुलाची मान पुढे पडली तर श्वासाची वाट बंद होते. म्हणून गाडी चालवणारा वेगळा, आणि मुलाशेजारी बसून हनुवटीकडे लक्ष ठेवणारा वेगळा. एकटाच पालक आलेला असेल तर दुसरं माणूस येईपर्यंत मूल आमच्याकडेच राहतं.