मोठी मोटर सुरू होताच व्होल्टेज बसतं? लॉगरचा आलेख असा वाचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत धूळ ओढणारा १३२ किलोवॅटचा ब्लोअर सुरू केला की शेडमधले दिवे मंद व्हायचे आणि मशीन शॉपमधली एक-दोन सीएनसी मशीन्स ट्रिप व्हायची. मालकांचा ठाम समज होता की दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा आहे. आठवडाभर व्होल्टेजची नोंद ठेवणारा लॉगर लावला, पण त्यात व्होल्टेज बसल्याची एकही नोंद नव्हती, आणि दहा मिनिटांची सरासरी ४१४ व्होल्ट दिसत होती.

पहिली चूक इथेच होती. व्होल्टेज जेमतेम दहा सेकंद पडतं, त्यामुळे सहाशे सेकंदांच्या सरासरीत ते अर्ध्या व्होल्टइतकंच दिसतं. नोंद घेण्याची मर्यादा सहसा ९० टक्क्यांवर ठेवलेली असते. इथे मेन पॅनेलवर व्होल्टेज ४१५ वरून ३७४ पर्यंत, म्हणजे ९० टक्क्यांच्या किंचित वरच थांबत होतं. म्हणून मर्यादा ९५ टक्के करा आणि प्रत्येक अर्ध्या सायकलचं आरएमएस मूल्य साठवायला लावा. व्होल्टेजसोबत तिन्ही फेजचा करंटही हवाच, त्याशिवाय आलेख मुका असतो. एक लॉगर मेन इनकमरवर, म्हणजे कारखान्यात पुरवठा येतो तिथे, आणि दुसरा त्रास होणाऱ्या पॅनेलवर लावा. दोन्हींची घड्याळं आधी जुळवून घ्या. जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

आता व्होल्टेज पडलं त्या क्षणी इनकमरचा करंट काय करतो ते पाहा. व्होल्टेज खाली आणि करंट त्याच क्षणी वर, म्हणजे कारण लॉगरच्या पुढे, आपल्याच कारखान्यात आहे. पडताना करंट वाढलाच नाही, तर दोष बाहेरचा. मोटरमुळे तिन्ही फेज सारख्याच बसतात आणि मोटर वेग घेईल तसं व्होल्टेज हळूहळू सावरतं. बाहेरच्या लाइनवरच्या फॉल्टमध्ये मात्र बहुधा एक-दोन फेजच जास्त पडतात आणि झटक्यात पूर्ववत होतात.

फाउंड्रीच्या आलेखात दोन पायऱ्या होत्या, कारण स्टार्टर स्टार-डेल्टा होता, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण व्होल्टेजवर नेणारा. पहिले चार सेकंद व्होल्टेज ४०० च्या आसपास होतं. मग क्षणभर करंट तुटला, व्होल्टेज वर आलं आणि लगेच खोल खड्डा पडला. त्यात करंट आधीपेक्षा सुमारे १२५० अँपिअरने जास्त होता आणि तो सहा सेकंद टिकला.

बाहेरची लाइन किती दोषी आहे हे याच आकड्यांवरून कळतं. इनकमरवर ४१ व्होल्ट पडले. ४१ ला १.७३२ ने आणि मग १२५० ने भागा, सुमारे ०.०१९ ओहम येतात. सुरू होणाऱ्या मोटरचा करंट आणि ट्रान्सफॉर्मरचा अडथळा दोन्ही मुख्यतः रिअ‍ॅक्टिव्ह असल्याने हा साधा भागाकार पुरेसा जवळ जातो. आता ट्रान्सफॉर्मरची पाटी वाचा: ५०० केव्हीए, ४३३ व्होल्ट, इम्पिडन्स ४.५ टक्के. ४३३ चा वर्ग भागिले ५,००,००० गुणिले ०.०४५, म्हणजे ०.०१७ ओहम. जवळपास सगळी घट आपल्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये होत होती. बाहेरच्या लाइनबद्दल तक्रार करून काही उपयोग झाला नसता.

दुसऱ्या लॉगरवर त्याच क्षणी ३४९ व्होल्ट होते, म्हणजे ८४ टक्के. सीएनसीचं पॅनेल ब्लोअरच्याच शंभर मीटर केबलवरून घेतलं होतं, त्यामुळे केबलमधली घटही त्याच्या वाट्याला येत होती. पुढे त्याला मेनवरून स्वतंत्र फीडर दिला.

पण मूळ दोष स्टारमधून डेल्टात कधी जायचं हे ठरवणाऱ्या टायमरमध्ये होता. स्टारमध्ये मोटरचा टॉर्क डेल्टाच्या एक तृतीयांशच असतो. ब्लोअरची हवा अडवणारी झडप, म्हणजे डँपर, उघडा असल्याने जड पंखा वेग घेतच नव्हता. स्टारमधल्या चार सेकंदांत करंटची रेषा सपाट होती, जराही उतरली नव्हती. अशा अवस्थेत डेल्टा लागला की स्टारचा उपयोग शून्य, मोटर थेट सुरू केल्यासारखीच होते. डँपर बंद ठेवून पुन्हा चालवलं तेव्हा स्टारमधला करंट बाराव्या सेकंदाला ठळकपणे उतरून स्थिरावला. टायमर तेरा सेकंदांवर लावला. त्यानंतर डेल्टातला जादा करंट ६५० अँपिअरच्या आसपास आला आणि मेनवर व्होल्टेज ३९४ च्या खाली गेलं नाही.

टायमर वाढवताना एक जपा: करंट उतरतच नसेल तर वेळ वाढवून काही मिळत नाही, मोटर नुसती तापते. अशा वेळी सॉफ्ट स्टार्टर किंवा ड्राइव्हचा विचार करा. सॉफ्ट स्टार्टरही व्होल्टेज कमी करूनच करंट आवरतो, म्हणून जड पंख्याला तेवढा टॉर्क पुरेल का हे आधी तपासा.