हवेच्या तक्त्याचे दिवस मोजताना या चुका टाळा

आमच्या टेकडी ग्रुपवर दर हिवाळ्यात कुणीतरी महिन्याच्या एक्यूआय तक्त्याचा स्क्रीनशॉट टाकतं आणि दोन मिनिटांत दुसरं कुणीतरी हिशोब मांडतं. ही दोन मिनिटंच नडतात.

एका नोव्हेंबरचा हिशोब असा आला: चांगले ५, समाधानकारक १०, मध्यम १५. बेरीज ३०, महिनाही ३० दिवसांचा. निम्मे दिवस बरे, म्हणून मुलांचा फुटबॉल तळजाईवर नेहमीसारखाच ठेवायचं ठरलं. मला ते ५ चांगले दिवस पचेनात. स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. २१, २२ आणि २३ तारखेला आकड्याऐवजी रेघ होती, म्हणजे हवा मोजणाऱ्या केंद्राची नोंदच नव्हती. पठ्ठ्याने शीटमध्ये तिथे शून्य भरलं होतं, आणि शून्य पडतं ०–५० मध्ये, म्हणजे ‘चांगले’ मध्ये! आदल्या दिवशी १६८, नंतरच्या दिवशी १७४, आणि मधले तीन दिवस म्हणे हिमालयातली हवा. खरा हिशोब: चांगले २, समाधानकारक १०, मध्यम १५, नोंद नाही ३. म्हणजे २७ पैकी १२ दिवस बरे, निम्म्याहून कमी.

तेव्हापासून मी रेघ दिसली की चौकट रिकामी सोडतो आणि तिची वेगळी मोजणी करतो. ३० दिवसांच्या महिन्यासाठी ती अशी:

```
=COUNTIFS(B2:B31,">=0",B2:B31,"<=50")
=COUNTIFS(B2:B31,">=51",B2:B31,"<=100")
=COUNTIFS(B2:B31,">=101",B2:B31,"<=200")
=COUNTIFS(B2:B31,">=201")
=COUNTBLANK(B2:B31)
```

पाचही उत्तरांची बेरीज महिन्याच्या दिवसांइतकी आली पाहिजे. कमी आली तर कुठेतरी आकड्याऐवजी अक्षर शिरलंय. पण बेरीज जुळली म्हणून हिशोब बरोबर असं नाही, ते वर पाहिलंच.

रंग बघून मोजू नका. चांगल्याचा आणि समाधानकारकचा, दोन्ही हिरवेच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तर एकच वाटतात.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे ‘मॉडरेट’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजपट्टीत हा शब्द १०१ ते २०० साठी आहे, अमेरिकी मोजपट्टीत ५१ ते १०० साठी. फोनवरची बरीच अ‍ॅप्स अमेरिकी पट्टी लावतात. हवेतले बारीक कण, म्हणजे पीएम २.५, चोवीस तासांत दर घनमीटरला सरासरी ४५ मायक्रोग्रॅम असतील, तर आपल्याकडे त्यांचा उपनिर्देशांक साधारण ७५ येतो, समाधानकारक. अमेरिकी पट्टीवर त्याच हवेचे १२४ होतात. अर्धा महिना एका अ‍ॅपचा आणि अर्धा मंडळाच्या तक्त्याचा, असा जुगाड करून केलेली बेरीज मी सरळ फेकून देतो.

आणि तक्त्यातला आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. थंडीत पहाटे थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यातच अडकतो, त्यामुळे ‘समाधानकारक’ दिवसाची सकाळी सहाची हवा वाईट असू शकते. महिन्याच्या मोजणीवरून मी फक्त फुटबॉल कोणत्या महिन्यात ठेवायचा ते ठरवतो. वेळ ठरवायला जवळच्या केंद्राचे तासागणिक आकडे बघतो, आणि डिसेंबरात मुलांना नऊच्या आधी बोलावत नाही.