अपठित उतारा: 'अशा' शब्दात अडकलेले उत्तर

गोव्यात तिसवाडीतल्या शाळेत पाचवीला मराठी शिकवायला लागले, तेव्हा अपठित उताऱ्याच्या माझ्या पहिल्या कृतिपत्रिकेत प्रत्येक प्रश्नाखाली टिंबांची एकच आखूड रेघ होती. मुलांनी त्या रेघेत मावेल तेवढेच, म्हणजे एखाद-दोन शब्द लिहिले. आता मी दोन पूर्ण ओळी सोडते आणि उतारा मुलांच्या पाहण्यातला घेते. हा त्यातलाच एक, खाजन म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीवरचा:

"भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजनाभोवती मातीचा बांध घालतात. बांधात मानस असते. भरतीच्या पाण्याच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप बंद होतात आणि ओहोटीला उघडून शेतातले जादा पाणी बाहेर सोडतात. तरीही जमीन थोडी खारवट राहतेच. अशा जमिनीत कोरगुट भात तग धरते."

पहिला प्रश्न: खाजनाभोवती बांध का घालतात? बहुतेक मुले लिहितात, "पाणी शिरू नये म्हणून." इथे मी प्रश्नच फळ्यावर लिहिते, 'का' पुसते आणि कारण वाक्याच्या सुरुवातीला आणते: "भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजनाभोवती बांध घालतात." क्रियापद शेवटी जागच्या जागी राहते. मात्र "दारे आपोआप बंद होतात का?" यातला 'का' वेगळा. तो कारण विचारत नाही, म्हणून उत्तर 'होय'ने सुरू करून पुढे विधान पूर्ण करायचे.

खरी अडचण येते ती शेवटच्या प्रश्नाला. कोरगुट भात कोठे तग धरते? हुशार मुलेही उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवतात: "अशा जमिनीत कोरगुट भात तग धरते." वाक्य पूर्ण आहे, पण अशा म्हणजे कशा? मी उतारा हाताने झाकायला सांगते आणि शेजारच्या मुलाला फक्त उत्तर वाचायला लावते. तो "कसली जमीन?" असे विचारतोच. मग 'अशा' जाऊन 'खारवट' येते. 'तिची', 'तेथे', 'त्यामुळे' हे शब्दही असेच तपासायचे. नव्या शिक्षकांनी उताऱ्यात असा एक तरी शब्द मुद्दाम ठेवावा, नाहीतर मुलगा समजून लिहितो की नुसते उतरवतो हे कळत नाही.

शीर्षकाला मुलांकडून आधी आले 'गोव्याची शेती'. त्यात डोंगरावरचे काजूही आले, म्हणजे ते फार मोठे. 'मानशीची दारे' म्हटले तर भात बाहेर राहते. 'खाऱ्या पाण्यापासून राखण' मला आवडले होते. पण एका मुलीने हरकत घेतली, "बाई, कोरगुट तर खाऱ्यातच वाढते ना!" तिचे बरोबर होते. उताऱ्यातले एकेक वाक्य शीर्षकाखाली धरून पाहत आम्ही 'खाऱ्या पाण्याशी झुंज' यावर आलो. बांध, मानस, भात, तिन्ही त्यात बसतात. शीर्षक वाक्य नसते, म्हणून तिथे पूर्णविराम देऊ देत नाही. पूर्ण वाक्याची सवय लागलेली मुले तो हमखास देतात.