टेट्राहेड्रॉनची सावली कुठल्या प्रतलावर पाडायची?

बडोद्यात दांडिया बाजारात मी इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवते. बरीचशी मुलं कलाभवनातली, म्हणजे एम. एस. युनिव्हर्सिटीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली. घरी मराठी, मित्रांत गुजराती आणि पेपर इंग्रजीत. ट्रिपल इंटिग्रलमध्ये त्यांना इंटिग्रेशन जड जात नाही, लिमिट्स लावताना ती अडतात. म्हणून हा विषय मी एकाच उदाहरणावर पुरेसा वेळ घेऊन शिकवते. तेच इथे मांडते.

x = 0, z = 0, y = x आणि x + y + z = 4 या चार प्रतलांनी बंदिस्त झालेला टेट्राहेड्रॉन घ्या. तीन-तीन प्रतलं एकत्र सोडवली की शिरोबिंदू मिळतात: (0,0,0), (0,4,0), (2,2,0) आणि (0,0,4). हे चार बिंदू आधी वहीत लिहायचेच, पुढे पदोपदी लागतात.

आता समजा xz प्रतलावर प्रोजेक्शन घ्यायचं आहे, म्हणजे सगळ्यात आतलं इंटिग्रल y चं. इथे बहुतेक मुलं x + y + z = 4 मध्ये y = 0 टाकतात, x + z = 4 ही रेषा काढतात आणि x 0 ते 4, z 0 ते 4−x अशा लिमिट्स लावतात. y ची लिमिट x पासून 4−x−z पर्यंत, ती मात्र बरोबर असते. परवाच एक मुलगी वही घेऊन आली, "ताई, घनफळ शून्य आलं." आकडेमोड तपासली तर एकही चूक नाही. या लिमिट्सनी उत्तर खरोखर शून्यच येतं.

का, ते एका बिंदूवर पाहू. x = 3, z = 0.5 हा बिंदू त्या मोठ्या त्रिकोणात बसतो. तिथे y 3 पासून 0.5 पर्यंत जायला हवा, म्हणजे खालची लिमिट वरच्यापेक्षा मोठी झाली. अशा जागी घनाकृती नसतेच. तिथलं ऋण घनफळ खऱ्या घनफळातून वजा होत गेलं आणि या उदाहरणात दोन्ही नेमकी सारखी निघाली. दुसऱ्या उदाहरणात कदाचित धन उत्तर आलं असतं आणि चूक लक्षातही आली नसती. y = 0 टाकल्यावर त्या प्रतलाने xz प्रतलाला कुठे छेदलं ते कळतं. आपली घनाकृती मात्र xz प्रतलाला फक्त (0,0,0) ते (0,0,4) या कडेवर टेकते. आपल्याला छेद नको, अख्ख्या घनाकृतीची सावली हवी.

सावली काढायला चारही शिरोबिंदूंमधला y पुसून टाका. उरतात (0,0), (0,0), (2,0) आणि (0,4). दोन बिंदू एकावर एक आले आणि त्रिकोण मिळाला. त्याची तिरकी बाजू येते y च्या दोन्ही लिमिट्स जिथे भेटतात तिथून: x = 4−x−z, म्हणजे z = 4−2x. आता x 0 ते 2, z 0 ते 4−2x, y x ते 4−x−z. घनफळ 16/3. शिरोबिंदूंच्या डिटर्मिनंटनेही 32/6, म्हणजे तेवढंच येतं.

प्रोजेक्शन कुठे घ्यायचं हे चित्र न काढताही ठरवता येतं. कुठला चल किती समीकरणांत आहे ते मोजा. y दोन समीकरणांत आहे, y = x आणि x + y + z = 4. म्हणजे y च्या दिशेने जाणारी रेषा एका प्रतलातून आत शिरते आणि दुसऱ्यातून बाहेर पडते, इंटिग्रल एकसंध राहतं. z सुद्धा दोनच समीकरणांत आहे, त्यामुळे xy प्रतलही चालेल. x मात्र तिनात आहे. तो आत घेतला तर रेषा x = 0 मधून शिरते, पण बाहेर कधी y = x मधून पडते, कधी x + y + z = 4 मधून. yz प्रतलावरच्या सावलीचे 2y + z = 4 या रेषेने दोन तुकडे करावे लागतात. प्रत्येक तुकड्याचं घनफळ 8/3 येतं, बेरीज तीच, पण काम दुप्पट. चारही समीकरणांत असलेला चल तर शक्यतो आत घेऊच नये, कारण तुकडे आणखी वाढतात.

xy प्रतल निवडलंत तर एक सांभाळा. तिथली सावली (0,0), (0,4), (2,2) अशी आहे. त्यात y आधी घेतला तर तो x ते 4−x जातो, काही अडचण नाही. x आधी घेतलात तर y = 2 पाशी पुन्हा दोन भाग होतात. म्हणजे प्रतल बरोबर निवडलं तरी बाहेरच्या दोघांचा क्रम वेगळा ठरवावा लागतो.

या घनाकृतीवर x या फंक्शनचं ट्रिपल इंटिग्रल विचारलं असेल, तर याच लिमिट्सनी 8/3 येतं. त्याला 16/3 ने भागा, गुरुत्वमध्याचा x 1/2 निघतो. चार शिरोबिंदूंच्या x ची सरासरी, (0 + 0 + 2 + 0)/4, सुद्धा 1/2 आहे. पेपरात ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते आणि लिमिट चुकली असेल तर बहुधा इथेच उघडी पडते.