ड्रॉइंगवरून H आणि D ऑफसेट कसे काढायचे

ड्रॉइंगवर ऑफसेट कुठेच लिहिलेला नसतो. तिथे जॉबचं माप आणि टॉलरन्स असतो. बाकीचं टूल मोजून आपण काढायचं. फॅनक कंट्रोलच्या व्हीएमसीवरचं एक उदाहरण घेऊ. ठोकळ्यावर ८० × ६० मिमीचा उंचवटा आहे, कोपरे R10, खोली ८ ±०.०५, आणि लांबी-रुंदी दोन्हींना टॉलरन्स +०.०० / −०.०६. टूल १६ मिमीची एंडमिल.

आधी लांबी. खोली कोणत्या पृष्ठापासून दिली आहे ते बघा. Z शून्य तिथेच. इथे ती वरच्या पृष्ठापासून आहे, म्हणून आधी फेसिंग उरकून घ्या, नाहीतर खोली चुकलीच. G54 चा Z शून्य ठेवा. जॉबवर ५० मिमीचा स्लिप गेज ठेवून टूल हँडव्हीलने हळूहळू खाली आणा. गेज टूलखालून जेमतेम सरकला पाहिजे. मशीन पोझिशन −२६२.४५० दिसली, तर H03 = −२६२.४५० − ५० = −३१२.४५०. गेजचे ५० वजा करायचे राहिले, तर टूल जॉबच्या वर हवेतच फिरतं.

आता D. एंडमिल मायक्रोमीटरने मोजली तर १५.९६ भरली, म्हणजे त्रिज्या ७.९८. प्रोग्रॅम ८० × ६० वरच लिहिलाय, पण आपल्याला हवं टॉलरन्सच्या मधलं माप, ७९.९७. फरक ०.०३, दोन बाजूंत वाटला की ०.०१५:

```
D03 = 7.980 - 0.015 = 7.965
```

दोन्ही मापांचा टॉलरन्स सारखा आहे म्हणूनच हे जमतं. वेगळा असता, तर एका D ने दोन्ही मापं मध्यावर आली नसती. मग प्रोग्रॅमच मधल्या मापांवर लिहावा लागतो.

उंचवट्याला बाहेरून घड्याळाच्या दिशेने फिरायचं, म्हणून G41:

```
G00 G90 G54 X-60. Y-50. S2000 M03
G43 H03 Z5.
G01 Z-8. F200
G41 D03 X-40. F300
Y20.
G02 X-30. Y30. R10.
```

G41 ची ओळ टूलच्या त्रिज्येपेक्षा लांब हवी. इथे ती २० मिमी आहे.

रफिंगनंतर लगेच ७.९६५ भरू नका. आधी ०.२ शिल्लक ठेवून ८.१६५ वर एक हलका कट घ्या आणि मोजा. ८०.३७ यायला हवं. ८०.४१ आलं, तर टूल दबतंय, जादा ०.०४ चं अर्धं, म्हणजे ०.०२, कमी करून D03 ७.९४५ करा. मात्र हा कट फिनिशिंगइतकाच हलका हवा. जड कट घेऊन मोजलं, तर फिनिशिंगला टूल कमी दबेल आणि माप ७९.९४ च्याही खाली जाऊ शकेल.

आणि D मध्ये त्रिज्या भरायची की व्यास, हे त्या मशीनवर आधी विचारून घ्या. व्यास मागणाऱ्या मशीनवर मी एकदा ७.९८ टाकलं होतं. कंट्रोलने त्रिज्या ३.९९ धरली आणि पहिल्याच बाजूने टूल चार मिमी आत घुसलं.