व्हाइट सॉस: पातळ, मध्यम आणि घट्ट प्रमाण, आणि ते कमी-जास्त कसं करायचं

व्हाइट सॉसचं सर्वात प्रचलित प्रमाण कपाने आणि टेबलस्पूनने सांगितलं जातं आणि ते लक्षात ठेवायला सोपं आहे. 1 कप (240 मिली) दुधाला:

पातळ सॉस: 1 टेबलस्पून बटर, 1 टेबलस्पून मैदा
मध्यम सॉस: 2 टेबलस्पून बटर, 2 टेबलस्पून मैदा
घट्ट सॉस: 3 टेबलस्पून बटर, 3 टेबलस्पून मैदा

पातळ सॉस सूपला दाटपणा आणायला, मध्यम पास्ता आणि बेक केलेल्या भाज्यांना, तर घट्ट सॉस क्रोकेटसारख्या पदार्थांचं सारण बांधायला. चमचे सपाट भरलेले हवेत. मैद्याचा शिगोशीग चमचा दीड-दोन चमच्यांचं काम करतो, म्हणून वरचा मैदा सुरीच्या पात्याने काढून टाका.

एका कपाचा सॉस करेपर्यंत अडत नाही. दोन लिटर करायला घेतला आणि वजनकाटा पुढे ओढला की गडबड सुरू होते. दोन पद्धती नकळत एकमेकींत मिसळतात. 2 टेबलस्पून बटर म्हणजे साधारण 28 ग्रॅम. 2 टेबलस्पून मैदा मात्र साधारण 16 ग्रॅमच भरतो. कुणी बटर 28 ग्रॅम तोललं आणि ‘दोन्ही सारखं घ्यायचं असतं’ म्हणून मैदाही 28 ग्रॅम घेतला, तर कपभर दुधात घट्ट सॉसलाही पुरून उरेल इतका मैदा पडला. घट्ट सॉसला कपामागे 24 ग्रॅमच लागतो. सॉस लापशीसारखा झाला की लोक दुधाला किंवा आचेला दोष देतात, पण चूक तोलताना झालेली असते.

म्हणून मोठ्या मापाला मी सरळ ग्रॅमवर जातो आणि एकच आकडा धरून ठेवतो: 1 लिटर दुधाला घट्ट सॉससाठी 100 ग्रॅम मैदा. मध्यमसाठी त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे 67 ग्रॅम. पातळसाठी एक तृतीयांश, म्हणजे 33 ग्रॅम. चमच्यांच्या प्रमाणातूनही जवळजवळ हेच आकडे निघतात. वजनाने करताना बटर मैद्याइतकंच घ्या. चमच्याच्या पद्धतीत ते मैद्याच्या पावणेदोनपट पडतं. तो सॉस जास्त तुकतुकीत आणि चवीला जड होतो, पण दाटपणा येतो तो मैद्यातल्या स्टार्चमुळे. बटरचं काम मैद्याचे कण सुटे ठेवण्याचं आहे, म्हणजे दूध पडल्यावर गुठळ्या होत नाहीत. त्यासाठी मैद्याइतकं बटर पुरतं. त्याहून कमी केलं तर मिश्रण कोरडं, भुसभुशीत होतं आणि गुठळ्यांना निमंत्रण मिळतं.

आता एक माप पूर्ण करून बघू. बेक करायच्या भाज्यांवर ओतायला सुमारे 600 मिली मध्यम सॉस हवाय. शिजताना थोडी वाफ जाणार, म्हणून दूध 650 मिली. मैदा 0.65 × 67, म्हणजे साधारण 44 ग्रॅम. बटरही 44 ग्रॅम.

1. दूध वेगळ्या भांड्यात कोमट ते गरम करून ठेवा, उकळी नको.
2. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर बटर वितळवा. फेस कमी झाला की मैदा एकदम घाला आणि ढवळत दोन मिनिटं परता. कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास येऊ लागला की थांबा. रंग बदलू देऊ नका. मैदा तपकिरी झाला की त्याची दाट करण्याची ताकद कमी होते आणि मग प्रमाण बरोबर असूनही सॉस पातळ राहतो.
3. पातेलं आचेवरून उतरवा. दुधाचा पहिला पाव भाग घालून व्हिस्कने फेटा. आधी घट्ट गोळा होईल, घाबरू नका, फेटत राहा, तो गुळगुळीत होतो. मग उरलेलं दूध दोन-तीनदा घाला.
4. परत मध्यम आचेवर ठेवून बुड आणि कडा खरवडत ढवळा. दाटपणा खरा दिसतो तो बुडबुडे येऊ लागल्यावर. त्याआधी ‘पातळच आहे’ म्हणून मैदा वाढवू नका.
5. बुडबुडे आल्यावर आच बारीक करून चार-पाच मिनिटं शिजवा. मीठ, मिरपूड, जायफळ शेवटी. बटर खारट असेल तर मीठ हात राखून.

परीक्षा चमच्याच्या पाठीवर. चमचा बुडवून बाहेर काढा आणि पाठीवरून बोटाने रेघ ओढा. पातळ सॉसची रेघ लगेच भरून येते. मध्यमची तशीच राहते आणि सॉस चमच्यावरून संथ पट्टीसारखा उतरतो. घट्ट सॉसमध्ये चमचा फिरवला की पातेल्याचं बुड क्षणभर दिसतं. हे सगळं गरम असताना बघायचं, कारण गार होताना सॉस आणखी आळतो. ताटात जायला अर्धा तास असेल तर किंचित पातळ ठेवणंच बरं.

मैदा, बटर आणि दूध तिन्ही एकाच पटीत वाढवता येतात. वाफ मात्र त्या पटीत जात नाही, आणि अगदी छोट्या मापात हे चटकन दिसतं. अर्धा कप (120 मिली) दुधाला मध्यमसाठी 1 टेबलस्पून मैदा लागतो. मोठ्या, पसरट पातेल्यात हे शिजवताना 30 मिली जरी उडालं, तरी चौथा भाग गेला आणि मध्यमचा सॉस घट्टच्या जवळ पोचला. लिटरभर दुधातून तेवढंच गेलं तर फरक कळतही नाही. म्हणून थोड्या सॉसला छोटं भांडं घ्या आणि दोन चमचे गरम दूध बाजूला ठेवा. पाव कप दुधासाठी 1½ टीस्पून मैदा, कारण 3 टीस्पूनचा 1 टेबलस्पून.

मोठ्या मापात अडचण उलटी. 3 लिटर मध्यम सॉसला 200 ग्रॅम मैदा आणि 200 ग्रॅम बटर लागतं. एवढं मिश्रण दोन मिनिटांत परतून होत नाही, चार-पाच मिनिटं द्या. दूध गार असेल तर उकळी यायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात सॉस बुडाला लागतो, म्हणून इथे दूध गरम करणं टाळू नका. करपल्याचा वास आला तर बुड खरवडू नका. वरचा सॉस दुसऱ्या पातेल्यात ओता आणि तळ तसाच सोडा.

तरीही सॉस चुकलाच, तर दाट झालेल्यात गरम दूध थोडं थोडं फेटून घाला. पातळ राहिला तर कोरडा मैदा वरून कधीच भुरभुरू नका, त्याच्या लगेच गुठळ्या होतात. मऊ बटर आणि मैदा समान वजनाने बोटांनी मळा, त्याचे वाटाण्याएवढे गोळे उकळत्या सॉसमध्ये एकेक फेटत घाला आणि पुढे दोन-तीन मिनिटं शिजवा. गुठळ्या आधीच झाल्या असतील तर सॉस बारीक गाळणीतून गाळा. गाळणीत राहिलेला मैदा सॉसमधून कमी झालेला असतो, म्हणून गाळल्यावर चमच्याची रेघ पुन्हा एकदा ओढून पाहा.